मॅन्डेट मी तुम्हाला दिलं होतं: माझ्या बँकेला खुले पत्र

प्रति,
मा. शाखाधिकारी आणि मा. तक्रार निवारण अधिकारी,
स. न. वि. वि.

तुमच्या शाखेत माझं आणि आईचं संयुक्त बचत खातं आहे. आईचं कुटुंब निवृत्तिवेतन त्यातच जमा होतं. बँकेचं नाव या पत्रात लिहीत नाही, कारण जे घडलं ते इतर बँकांच्या काउंटरवरही घडतं, हे गेल्या चार महिन्यांत ओळखीच्यांशी बोलताना कळलं. पण खातं तुमच्याकडे आहे, अर्जावर शिक्का तुमचा आहे आणि उत्तरही तुमच्याकडूनच यायला हवं.

जून 2023 मध्ये मुलीसाठी गणिताचा ऑनलाइन वर्ग लावला. महिना 1,850 रुपये, दर पाच तारखेला खात्यातून आपोआप वजा. त्या वेळी मोबाइलवर कंपनीने एक लिंक दिली, मी नेटबँकिंगचा पासवर्ड टाकला, ओटीपी टाकला आणि झालं. नॅच ही खात्यांतून अशा रकमा आपोआप वजा करण्याची बँकांची यंत्रणा, आणि तिच्यासाठी ऑनलाइन दिलेल्या या परवानगीलाच ई-मॅन्डेट म्हणतात, हे मला यंदा कळलं. दीड वर्ष सगळं सुरळीत चाललं. मुलीला शाळेजवळच चांगल्या बाई मिळाल्या, म्हणून 18 फेब्रुवारी 2025 रोजी मी वर्ग बंद केला. कंपनीचा ईमेल आला, ‘आपली सदस्यता रद्द झाली आहे.’ माझ्या दृष्टीने विषय संपला होता.

5 मार्चला 1,850 रुपये गेले. कंपनीला फोन केला, तर म्हणाले की रद्द व्हायला एक महिना लागतो. 5 एप्रिलला पुन्हा गेले. फोन उचलणारी मुलगी या वेळी म्हणाली, ‘आमच्याकडून बंद आहे मॅडम, बँकेकडून जात असेल.’

इथेच एक गोष्ट स्पष्ट करते. मार्च आणि एप्रिलचे पैसे मी तुमच्याकडे मागत नाही. तोपर्यंत मी तुम्हाला काहीच सांगितलं नव्हतं. कंपनीकडे सदस्यता रद्द केली म्हणजे बँकेतलं मॅन्डेट आपोआप रद्द होत नाही, ही माझी माहितीतली चूक होती आणि ते 3,700 रुपये मी कंपनीशीच भांडून घेईन. माझी तक्रार 9 एप्रिलनंतर जे झालं त्याबद्दल आहे.

9 एप्रिलला, बुधवारी, मी शाखेत आले. साध्या कागदावर अर्ज लिहिला: अमुक कंपनीला माझ्या खात्यातून दरमहा पैसे वजा करण्याची दिलेली परवानगी मी रद्द करत आहे, यापुढे एकही रक्कम देऊ नये. खाते क्रमांक, कंपनीचं नाव, रक्कम, तारीख, दोघींच्या सह्या. आईची सही आता थरथरते, म्हणून तिला रिक्षाने घेऊन आले होते. अर्जावर दोघींची सही लागेल असं आदल्या दिवशी फोनवर तुमच्याकडूनच सांगितलं गेलं होतं. काउंटरवरच्या ताईंनी अर्ज घेतला आणि मी मागितल्यावर झेरॉक्सवर शिक्का मारून आवक क्रमांक दिला. तो कागद आत्ता माझ्यासमोर आहे. शिक्का थोडा पुसट आहे, पण तारीख स्वच्छ दिसते.

5 मे. 1,850 रुपये वजा.

6 मेला मी पुन्हा शाखेत. अर्जाचं काय झालं याचं उत्तर मिळायला पाऊण तास लागला, आणि जे उत्तर मिळालं त्यासाठीच मी हे सगळं जाहीरपणे लिहिते आहे. अर्ज तुमच्या मध्यवर्ती प्रक्रिया कक्षात गेला होता. तिथून तो ‘यूएमआरएन नाही’ या शेऱ्यासह परत आला होता. परत आल्याचं मला कोणी कळवलं नाही. तो तुमच्याच एका ट्रेमध्ये पडून राहिला आणि दरम्यान पाच तारीख येऊन गेली.

यूएमआरएन म्हणजे प्रत्येक मॅन्डेटला मिळणारा वीस अक्षर-अंकांचा क्रमांक. सुरुवातीची चार अक्षरं बँकेच्या कोडची असतात. मॅन्डेट नोंदवलं जातं तेव्हा हा क्रमांक तयार होतो आणि तो तुमच्या संगणकात असतो. माझ्या पासबुकात तो छापलेला नव्हता. मोबाइल ॲपमध्ये मला सापडला नाही. वजावटीनंतर येणाऱ्या एसएमएसमध्येही नव्हता. कंपनीच्या ईमेलमध्ये नव्हता. म्हणजे जो क्रमांक मला दिसत नाही पण तुम्हाला दिसतो, तो मी लिहिला नाही म्हणून माझा अर्ज परत गेला. साहेब, घराची किल्ली तुमच्या खिशात असताना तुम्ही मला दारात थांबवून किल्ली मागत होता.

त्या दिवशी एका अधिकाऱ्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. त्यांचा मी आदर करते. शाखेतले तेवढे एकच जण शोधायला बसले. त्यांनी कंपनीच्या नावाने शोधलं, काहीच सापडलं नाही. ‘तुमच्या खात्यावर या कंपनीचं मॅन्डेटच नाही,’ ते म्हणाले. मग पैसे जातात कसे? मी पासबुक पुढे केलं. नोंदीत `ACH D-` असं छापलेलं होतं आणि त्यापुढचं नाव वर्गाच्या कंपनीचं नव्हतं, भलतंच होतं. ते नाव कंपनीचे पैसे गोळा करून देणाऱ्या मधल्या पेमेंट कंपनीचं होतं. त्या नावाने शोधल्यावर मॅन्डेट लगेच समोर आलं.

स्क्रीनवर चार गोष्टी दिसल्या आणि त्या मी वहीत उतरवून घेतल्या. स्थिती: `Active`. रक्कम: 1,850 नाही, तर जास्तीत जास्त 5,000. वारंवारता: दरमहा नाही, तर ‘जेव्हा मागणी येईल तेव्हा’. आणि शेवटची तारीख 2053 मधली. मॅन्डेट दिलं तेव्हा माझी मुलगी बारा वर्षांची होती. ही परवानगी तिच्या वयाच्या बेचाळिसाव्या वर्षापर्यंत चालणार होती.

हे मीच मंजूर केलं होतं, हे मान्य. 2023 मध्ये त्या छोट्या स्क्रीनवर हे सगळं कुठेतरी लिहिलेलं असणार. पण वाचकांनी हे नीट लक्षात घ्यावं, कारण पुढचा घोळ यातूनच झाला. आपण दरमहा 1,850 म्हणतो. मॅन्डेट म्हणतं, 5,000 पर्यंत कितीही, कोणत्याही तारखेला. कंपनीने मागणी पाठवली आणि ती या मर्यादेत बसली, की बँकेचा संगणक ती मंजूर करतो. त्या संगणकाला वर्ग बंद झालाय की चालू आहे हे माहीत नसतं, आणि ते माहीत असायचं कारणही नाही. त्याला एकच गोष्ट कळते: मॅन्डेट चालू आहे की रद्द. म्हणून तर ते रद्द करणं हा एकमेव खरा उपाय आहे आणि तो तुमच्या हातात आहे.

मॅन्डेट सापडलं, यूएमआरएन समोर होता. मी म्हटलं, आता रद्द करा. तेव्हा दुसऱ्या टेबलावरून सल्ला आला, ‘मॅडम, रद्द कंपनीकडूनच व्हायला लागतं. आम्ही स्टॉप पेमेंट लावतो, तेवढं पुरे.’ आणखी एकजण म्हणाले, ‘पाच तारखेला खात्यात पैसेच ठेवू नका.’

या दोन्ही सल्ल्यांबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण दोन्ही चुकीचे आहेत आणि दोन्ही फार सहज दिले जातात.

आधी खातं रिकामं ठेवण्याचं. त्या खात्यात आईचं निवृत्तिवेतन येतं. पाच तारखेला ते काढून घरी ठेवायचं आणि सहा तारखेला पुन्हा भरायचं, असं एका ज्येष्ठ बाईने 2053 पर्यंत करायचं का? शिवाय शिल्लक नाही म्हणून परत गेलेल्या मागणीचा अर्थच वेगळा होतो. समोरच्याला कळतं की या ग्राहकाकडे पैसे नव्हते; ग्राहकाने परवानगी काढून घेतली आहे हे कळत नाही. मग तो पुन्हा मागणी पाठवतो. देयक व तडजोड प्रणाली अधिनियम 2007 च्या कलम 25 नुसार, खरोखर देणं असलेल्या रकमेची अशी मागणी शिल्लक नसल्याने परत गेली तर तो चेक न वटण्यासारखाच गुन्हा ठरू शकतो. माझं कंपनीला काहीही देणं नव्हतं, त्यामुळे मला त्याची भीती नाही. पण काउंटरवरून हा सल्ला उद्या एखाद्या कर्जदारालाही दिला जाईल आणि तो अडकेल. आणि शिल्लक नसल्याचा दंड बँक लावते तो वेगळाच.

आता स्टॉप पेमेंट. मला तेव्हा फरक माहीत नव्हता. मी म्हटलं, लावा. 5 जूनची मागणी खरंच परत गेली. मला हायसं वाटलं. दुसऱ्या दिवशी खात्यातून 590 रुपये गेले: परतीचं शुल्क 500 आणि त्यावर 18 टक्के जीएसटी. मी थांबवायला सांगितलेली वजावट थांबली, याबद्दल माझ्याकडूनच दंड घेतला गेला.

आणि 12 जूनला पुन्हा 1,850 रुपये वजा झाले.

कारण साधं होतं. स्टॉप पेमेंट पाच जूनच्या त्या एका मागणीवर लावलं होतं. मॅन्डेटची स्थिती मात्र `Active` तशीच होती. कंपनीच्या यंत्रणेने परत आलेली मागणी आठवड्याने पुन्हा पाठवली, ‘जेव्हा मागणी येईल तेव्हा’ या अटीत ती बसली आणि तुमच्या संगणकाने ती मंजूर केली. चेकबुकाच्या भाषेत सांगायचं तर, मी तुम्हाला सांगत होते की माझं अख्खं चेकबुक चोरीला गेलंय, आणि तुम्ही एक चेक थांबवून मला घरी पाठवलंत.

‘रद्द कंपनीकडूनच व्हायला लागतं’ हे वाक्य मी तुमच्या शाखेत चार जणांकडून ऐकलं. ते खरं नाही. नॅचची साखळी अशी असते: कंपनी किंवा तिची मधली पेमेंट कंपनी मागणी तयार करते, त्यांची बँक ती एनपीसीआयकडे, म्हणजे नॅच चालवणाऱ्या राष्ट्रीय संस्थेकडे पाठवते, एनपीसीआयकडून ती माझ्या बँकेकडे, म्हणजे तुमच्याकडे येते, आणि तुम्ही माझ्या खात्यातून पैसे देता. मॅन्डेट कंपनीच्या बाजूने रद्द होऊ शकतं, तसंच ते तुमच्या बाजूनेही होऊ शकतं. अखेर 20 जूनला ते तुमच्याच बाजूने रद्द झालं. त्या दिवशी कंपनीला कोणीही विचारलं नव्हतं. तेच 9 एप्रिललाही झालं असतं.

खरं तर मॅन्डेटचा अर्थच मुळात असा आहे. वर्गाचा करार माझा आणि कंपनीचा होता. मॅन्डेट मात्र मी तुम्हाला दिलेली सूचना आहे: अमुक मागेल तेव्हा माझ्या खात्यातून त्याला द्या. सूचना देणारी मी, ती पाळणारे तुम्ही. मी चेक दिला आणि नंतर तो थांबवायला सांगितलं, तर तुम्ही चेक घेणाऱ्याची परवानगी आणायला मला पाठवत नाही. मग इथेच का? कर्जाचा हप्ता असेल तर बँक विचारपूस करते, ते मी समजू शकते, कारण मॅन्डेट रद्द केल्याने कर्ज फिटत नाही आणि ग्राहक थकबाकीत जाऊ शकतो. त्याला तसं लेखी सांगावं. पण इथे गणिताचा वर्ग होता, आणि तो रद्द झाल्याचा कंपनीचाच ईमेल मी छापून आणला होता.

13 जूनला मी लेखी तक्रार दिली. 27 जूनला तुमचा ईमेल आला. त्यात एवढंच होतं की व्यवहार वैध मॅन्डेटनुसार झाले आहेत, परताव्यासाठी कृपया व्यापाऱ्याशी संपर्क साधावा.

त्या ‘वैध’ या शब्दावर माझा आक्षेप आहे.

भारतीय रिझर्व्ह बँकेचं 20 सप्टेंबर 2019 चं एक परिपत्रक आहे. व्यवहार फसले तर ते किती दिवसांत निस्तरायचे आणि उशीर झाला तर ग्राहकाला किती भरपाई द्यायची, हे त्यात ठरवून दिलं आहे. 15 ऑक्टोबर 2019 पासून ते लागू आहे. एटीएममधून पैसे न येता खात्यातून गेले तर काय, हे त्यातलं बऱ्याच लोकांना माहीत असतं. पण त्यातच नॅचचा एक भाग आहे आणि त्यात नेमकी माझीच परिस्थिती लिहिली आहे: ग्राहकाने बँकेकडे मॅन्डेट रद्द केल्यानंतरही खात्यातून रक्कम वजा होणे. त्यापुढे म्हटलं आहे की अशा वजावटीला ग्राहकाची बँक जबाबदार राहील. निपटारा व्यवहाराच्या दिवसानंतर एका दिवसात व्हायला हवा. त्यापुढे उशीर झाला तर दर दिवसाला 100 रुपये भरपाई. आणि ही भरपाई ग्राहकाच्या तक्रारीची वाट न पाहता बँकेने स्वतःहून खात्यात जमा करायची आहे.

ग्राहकाची बँक म्हणजे तुम्ही. कंपनीची बँक नव्हे, मधली पेमेंट कंपनी नव्हे. ज्या नियमात जबाबदारी स्पष्टपणे तुमच्यावर टाकली आहे, त्याच प्रसंगात तुमचं छापील उत्तर ‘व्यापाऱ्याशी संपर्क साधा’ असं आहे.

आता कोणी म्हणेल की मॅन्डेट तर 20 जूनला रद्द झालं, मग मे-जूनच्या वजावटी रद्द झाल्यानंतरच्या कशा? नियमात ग्राहकाने बँकेकडे रद्द केल्याचा उल्लेख आहे. ग्राहक म्हणून माझ्या हातात जे होतं ते मी 9 एप्रिलला केलं आणि त्यावर तुमचा शिक्का आहे. त्यानंतर 5 मेपर्यंत 26 दिवस होते. मी अर्ज 4 तारखेला संध्याकाळी दिला असता आणि पाच तारखेची मागणी आधीच वाटेत असती, तर मी हा वाद घातला नसता. सव्वीस दिवस अर्ज ट्रेमध्ये पडून राहणं हा तुमचा अंतर्गत प्रश्न आहे. त्याचे पैसे माझ्या आईच्या खात्यातून जाऊ नयेत.

तर हिशोब असा. 5 मेचे 1,850 रुपये 6 मेपर्यंत परत यायला हवे होते. आज 5 जुलै आहे. साठ दिवस उशीर, म्हणजे 6,000 रुपये. 12 जूनचे 1,850 रुपये 13 जूनपर्यंत यायला हवे होते. बावीस दिवस उशीर, 2,200 रुपये. मूळ रकमा 3,700, भरपाई 8,200 आणि 5 जूनच्या परतीचं चुकीने घेतलेलं शुल्क 590. एकूण 12,490 रुपये. मूळ रकमा जमा होईपर्यंत यात रोज दोनशेची भर पडते आहे. यात मी रिक्षाभाडं धरलेलं नाही, रजा धरलेली नाही आणि मनस्तापाची किंमतही लावलेली नाही. फक्त नियमात आहे तेवढंच मागते.

पैशांइतकीच मला शाखेतली पद्धत बदलायला हवी आहे, कारण परवा माझ्यासमोर एका निवृत्त शिक्षकांना अगदी हेच सांगितलं जात होतं. त्यांच्या खात्यातून कुठल्याशा आरोग्य सदस्यतेचे पैसे जात होते. ते कंपनीचं नाव सांगत होते आणि काउंटरवरून ‘असं मॅन्डेट नाही’ हेच उत्तर येत होतं. मी त्यांचं पासबुक मागितलं. नोंदीतलं नाव वेगळं होतं. ते नाव सांगितल्यावर दोन मिनिटांत सापडलं.

म्हणजे करायचं आहे ते अवघड नाही. ग्राहक आला की त्याला नाव विचारू नका. पासबुकातली वजावटीची नोंद बघा आणि त्या नोंदीवरून मॅन्डेट शोधा. यूएमआरएन तुम्ही लिहा, अर्जावर आणि पोचपावतीवरही. ‘यूएमआरएन नाही’ म्हणून कोणाचाही अर्ज परत येता कामा नये, कारण तो तुमच्याकडेच असतो. आणि कुठल्याही कारणाने परत आलाच तर त्याच दिवशी ग्राहकाला फोन जायला हवा. ग्राहक ‘बंद करा’ म्हणाला तर त्याला स्पष्ट विचारा: एक हप्ता थांबवायचा आहे की मॅन्डेटच रद्द करायचं आहे? सामान्य माणसाला हे दोन वेगळे आहेत हे माहीत नसतं. आणि रद्द झाल्यावर `Cancelled` ही स्थिती दाखवणारा कागद त्याच्या हातात द्या. मला तो 20 जूनला मिळाला, तेव्हा चार महिन्यांत पहिल्यांदा मी पाच तारखेची चिंता न करता झोपले.

हे अशक्य नाही हे मला आणखी एका कारणाने ठाऊक आहे. यूपीआयवर दिलेली ऑटोपेची परवानगी मी फोनवर स्वतः बघू शकते आणि पिन टाकून रद्द करू शकते. कार्डावर दिलेल्या परवानगीसाठी रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे की बँकेने ती ऑनलाइन मागे घेण्याची सोय द्यायला हवी, आणि वजावटीच्या किमान 24 तास आधी ग्राहकाला सूचना जायला हवी, जेणेकरून त्याला ती नाकारता येईल. माझ्या खात्यावरच्या या वजावटीची एकदाही आधी सूचना आली नाही. दरवेळी पैसे गेल्यावरच एसएमएस वाजला. आईच्या फोनवर तो वाजायचा आणि ती मला स्वयंपाकघरातून विचारायची, ‘परत गेले का गं?’ तुमच्या ॲपमध्ये सगळी मॅन्डेट एका ठिकाणी दिसतील, खऱ्या कंपनीच्या नावाने दिसतील आणि शेजारी रद्द करण्याचं बटण असेल, तर ज्यांच्याकडे स्मार्टफोन आहे त्यांना शाखेत यावंच लागणार नाही. आणि ज्यांच्याकडे नाही, त्यांच्यासाठी काउंटर आहेच. तिथे बसणाऱ्यांना हे परिपत्रक वाचायला द्या. काउंटरवरच्या ताईंनी ते कधी पाहिलं नव्हतं आणि त्यात त्यांची चूक नाही. त्यांना ते कोणी दाखवलंच नव्हतं.

हे पत्र वाचणाऱ्या इतर खातेदारांसाठी एवढंच सांगते, की माझं सगळं बळ त्या एका शिक्क्याच्या झेरॉक्सवर उभं आहे. 9 एप्रिलला मी नुसतं तोंडी सांगून गेले असते, तर आज माझ्याकडे म्हणायला काहीच नसतं. कंपनीचा रद्द केल्याचा ईमेल, पासबुकातली नोंद, बँकेत दिलेल्या अर्जाची शिक्क्याची प्रत, हे तिन्ही कागद एकत्र ठेवा. आणि पहिल्या चुकीच्या वजावटीनंतर लगेच बँकेत जा. मी मार्चमध्ये कंपनीच्या भरवशावर थांबले, म्हणून एप्रिलची रक्कम माझ्या हातून गेली.

साहेब, माझ्या लेखी तक्रारीला 13 जुलैला 30 दिवस पूर्ण होतात. 27 जूनचं तुमचं उत्तर मला मान्य नाही, हे मी शाखेत लेखी कळवलं आहे. वर लिहिलेली रक्कम तोपर्यंत जमा झाली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे `cms.rbi.org.in` वर तक्रार नोंदवायची माझी तयारी आहे; कागद स्कॅन करून झाले आहेत. माझी इच्छा मात्र ती वेळ येऊ नये अशीच आहे. आईचं खातं या शाखेत पंचवीस वर्षं आहे आणि ते दुसरीकडे न्यायला ती तयार नाही.

आपली खातेदार,
सांगली
5 जुलै 2025